कपॅसिटरला दिसणारा रोध आणि परिपथाचा कालस्थिरांक : एक अध्यापनविषयक विवेचन

प्रस्तावना

भोपाळच्या पिपलानी परिसरात भारत हेवी इलेक्ट्रिकल्स लिमिटेडचा (भेल) कारखाना आहे. १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड या नावाने त्याची स्थापना झाली आणि १९७४ मध्ये तो भेलमध्ये विलीन झाला. येथे मोठे पॉवर ट्रान्सफॉर्मर तयार होतात. असा ट्रान्सफॉर्मर उघड्या आकाशाखाली उपकेंद्रात उभा राहणार असल्याने वीज कोसळली असता येणारा व्होल्टेजचा तडाखा त्याने सहन केला पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळेत त्याच्यावर कृत्रिम वीज पाडतात. प्रमाणित चाचणीत या तडाख्याचा आकार '१.२/५०' असा सांगितला जातो. याचा अर्थ, व्होल्टेज सुमारे १.२ मायक्रोसेकंदात शिखरावर चढले पाहिजे आणि सुरुवातीपासून ५० मायक्रोसेकंदांनी ते शिखराच्या निम्म्यावर उतरले पाहिजे.

हा आकार घडवणारा मूळ परिपथ दोन कपॅसिटर आणि दोन रेझिस्टर यांचा असतो. एकाच परिपथातून एक घटना मायक्रोसेकंदात आणि दुसरी तिच्या चाळीसपटीहून जास्त वेळात घडते. कोणत्या कपॅसिटरला कोणत्या क्षणी किती रोध दिसतो, यावर ते अवलंबून आहे. हाच प्रश्न सोप्या रूपात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासमोर येतो तेव्हा तो हमखास अडखळतो. एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर असेल तर τ = RC हे सूत्र तो बिनचूक वापरतो. त्याच कपॅसिटरभोवती तीन रेझिस्टर मांडले की सूत्रातील R म्हणजे नेमका कोणता, हे त्याला ठरवता येत नाही. प्रस्तुत लेखात एक परिपथ प्रत्यक्ष आकड्यांसह सोडवून ही अडचण कशी दूर करता येईल, तो परिपथ प्रयोगशाळेत कसा तपासता येईल आणि ही पद्धत कोठपर्यंत चालते, याचे विवेचन केले आहे.

अडचणीचे मूळ

पुढील परिपथ फळ्यावर काढावा. १२ व्होल्टची बॅटरी आहे. तिच्या धन टोकापासून एका स्विचमधून R1 = २२ किलोओहम हा रेझिस्टर 'अ' या बिंदूपर्यंत जातो. 'अ' पासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत R2 = ३३ किलोओहम जोडलेला आहे. 'अ' पासूनच R3 = ८.२ किलोओहम निघतो आणि तो ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरच्या धन टोकाला मिळतो. कपॅसिटरचे दुसरे टोक बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेले आहे. हे सारे आकडे बाजारात सहज मिळणाऱ्या घटकांचे आहेत.

वर्गात याची उत्तरे साधारणपणे तीन प्रकारची येतात. काही विद्यार्थी तिन्ही रोधांची बेरीज करतात, ६३.२ किलोओहम, आणि कालस्थिरांक जवळजवळ ३० सेकंद सांगतात. काही जण विद्युतधारा ज्या वाटेने कपॅसिटरकडे जाते ती वाट पाहतात. त्यांच्या मते R1 आणि R3 एकसरीत आहेत आणि R2 बाजूला आहे, म्हणून ते ३०.२ किलोओहम धरून १४ सेकंद उत्तर काढतात. थोडे अधिक चाणाक्ष विद्यार्थी बॅटरीच्या टोकांवर उभे राहून परिपथाकडे पाहतात. R2 आणि R3 समांतर, त्यांच्या एकसरीत R1, म्हणजे सुमारे २८.६ किलोओहम आणि कालस्थिरांक १३.४ सेकंद.

तिन्ही उत्तरे चुकीची आहेत, पण तिसऱ्या उत्तराकडे अध्यापकाने विशेष लक्ष द्यावे. गणित म्हणून त्यात काहीही चूक नाही. स्विच दाबल्याच्या पहिल्या क्षणी रिकामा कपॅसिटर तारेसारखा वागतो आणि त्या क्षणी बॅटरीला खरोखरच २८.६ किलोओहम दिसतात. बॅटरीतून निघणारी विद्युतधाराही त्यावरून अचूक येते, ०.४२ मिलिअँपिअर. मात्र कालस्थिरांक बॅटरीचा नसतो. भरायला किंवा रिकामे व्हायला वेळ कपॅसिटरला लागतो, तेव्हा रोधही त्याच्याच टोकांवरून मोजला पाहिजे. शाळेपासून विद्यार्थी प्रत्येक परिपथ बॅटरीच्या बाजूने वाचत आलेला असतो. ती सवय येथे त्याच्या आड येते.

बॅटरीच्या जागी तार का ?

योग्य रीत सांगायला सोपी आहे. कपॅसिटर काढून बाजूला ठेवावा. बॅटरीच्या जागी साधी तार आहे असे मानावे. मग कपॅसिटर जेथे होता त्या दोन बिंदूंमधून आत पाहावे आणि किती रोध दिसतो ते काढावे.

आपल्या परिपथात कपॅसिटरच्या धन टोकापासून आत शिरल्यावर प्रथम R3 लागतो. तो ओलांडला की 'अ' बिंदू. तेथून परत येण्याच्या दोन वाटा आहेत. एक R2 मधून थेट ऋण टोकाकडे जाते, दुसरी R1 मधून आणि बॅटरीच्या जागच्या तारेतून त्याच टोकाकडे येते. म्हणजे येथून पाहता R1 आणि R2 समांतर आहेत, जरी बॅटरीकडून पाहताना ते एकसरीत वाटत होते. त्यांचा एकत्रित रोध २२ × ३३ ÷ ५५ = १३.२ किलोओहम. त्यात R3 चे ८.२ मिळवले की २१.४ किलोओहम होतात. याला ४७० मायक्रोफॅरडने गुणले असता कालस्थिरांक १०.०६ सेकंद, म्हणजे व्यवहारात १० सेकंद येतो.

बॅटरीच्या जागी तार मानण्याचा नियम बहुतेक पाठ्यपुस्तके कारण न देता सांगतात, आणि विद्यार्थी तो तसाच पाठ करतो. कारण समजावून सांगणे मात्र अवघड नाही. कालस्थिरांकाचा संबंध व्होल्टेज किती आहे याच्याशी नसून ते किती वेगाने बदलते याच्याशी असतो. समजा, भरत असताना कपॅसिटरचे व्होल्टेज १ व्होल्टने वाढले. त्यामुळे त्याच्यात येणारी विद्युतधारा कितीने घटेल ? या एका प्रश्नाच्या उत्तरात सगळे आले. परिपथातील बाकी बिंदूंची व्होल्टेज या बदलाला प्रतिसाद देतील, 'अ' बिंदूचे व्होल्टेजही थोडे वर सरकेल. फक्त बॅटरीच्या दोन टोकांमधील अंतर १२ व्होल्टच राहील, कारण बाहेर काहीही झाले तरी व्होल्टेज स्थिर ठेवणे हेच आदर्श बॅटरीचे लक्षण. जिच्या दोन टोकांमधील व्होल्टेजमध्ये बदल होत नाही ती वस्तू बदलांच्या दृष्टीने तारच आहे. म्हणून बदलांचा हिशेब करताना तिच्या जागी तार येते. स्थिर विद्युतधारा देणारा स्रोत असेल, तर त्याच तर्काने त्याच्या जागी मोकळी जागा येते. बाहेर काहीही झाले तरी त्याची धारा बदलत नाही, म्हणजे बदलणाऱ्या धारेसाठी ती वाट बंदच असते.

आपल्या परिपथात प्रत्येक व्होल्टमागे विद्युतधारा १ व्होल्ट ÷ २१.४ किलोओहम इतकी घटते. कपॅसिटर शेवटी किती व्होल्टपर्यंत भरेल हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी बॅटरी पुन्हा जागेवर आणावी लागते. पूर्ण भरल्यावर कपॅसिटरमध्ये धारा जात नाही, R3 वर व्होल्टेज पडत नाही, आणि 'अ' बिंदूवर १२ × ३३ ÷ ५५ = ७.२ व्होल्ट असतात. तोच शेवट. R3 चा शेवटच्या व्होल्टेजवर काहीच परिणाम नाही, परंतु कालस्थिरांकावर आहे. विद्यार्थ्यांना हे प्रथम विचित्र वाटते, म्हणून ते फळ्यावर ठळक लिहावे.

परिपथाची ही दोन रूपे, म्हणजे उघड्या टोकांवरील व्होल्टेज आणि आतून दिसणारा रोध, विद्युतशास्त्राच्या इतिहासात दोनदा मांडली गेली. प्राण्यांच्या शरीरातील विद्युतप्रवाहांचा अभ्यास करताना हेल्महोल्ट्झने १८५३ मध्ये ती सांगितली आणि फ्रान्समधील तारखात्याचा अभियंता लिऑन थेवेनिन याने १८८३ मध्ये ती स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. नाव थेवेनिनचे रूढ झाले. त्याचे प्रमेय अभ्यासक्रमात बहुधा स्थिर विद्युतधारेच्या प्रकरणात येते आणि कपॅसिटर नंतरच्या प्रकरणात. दोहोंचा संबंध जोडून देण्याचे काम अध्यापकावरच राहते.

उत्तराची पडताळणी सुरुवातीच्या क्षणावरून करता येते. पहिल्या क्षणी कपॅसिटर तारेसारखा. तेव्हा बॅटरीतून ०.४२ मिलिअँपिअर निघतात आणि 'अ' बिंदूवर त्यांची वाटणी होते. त्यांपैकी ३३ ÷ ४१.२ इतका भाग R3 मधून कपॅसिटरकडे जातो, म्हणजे ०.३३६ मिलिअँपिअर. दुसऱ्या मार्गाने, ७.२ व्होल्टला २१.४ किलोओहमने भागले तरी ०.३३६ मिलिअँपिअरच येतात. बॅटरीच्या बाजूने केलेला हिशेब आणि कपॅसिटरच्या बाजूने केलेला हिशेब येथे एकत्र येतात, आणि तिसऱ्या प्रकारचे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला आपले गणित कोठे थांबले हे दिसते.

स्विच उघडल्यावर

आता कपॅसिटर पूर्ण भरला आहे असे समजून स्विच उघडावा आणि वर्गाला पुन्हा कालस्थिरांक विचारावा. अनेक विद्यार्थी मघाचेच १० सेकंद सांगतात, कारण घटक तेच आहेत. परंतु स्विच उघडताच R1 ची वाट तुटली. कपॅसिटरला आता R3 आणि त्याच्या एकसरीत R2 एवढेच दिसतात, ८.२ + ३३ = ४१.२ किलोओहम. कालस्थिरांक १९.४ सेकंद झाला. रिकामे व्हायला भरण्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो.

हे उघड्या स्विचचे झाले. त्याऐवजी दुहेरी स्विच वापरून R1 चे टोक बॅटरीवरून काढून थेट ऋण तारेला जोडले, तर R1 ची वाट पुन्हा जोडली जाते आणि रिकामे होण्याचा कालस्थिरांकही १० सेकंदच येतो. म्हणून प्रश्नपत्रिकेत 'स्विच बंद केला' किंवा 'स्विच काढला' एवढेच लिहून भागत नाही. R1 चे मोकळे टोक कोठे गेले ते आकृतीत दाखवलेच पाहिजे. परीक्षकांनी या बाबतीत थोडी अधिक काळजी घेतली, तर उत्तरपत्रिकेतील निम्मे वाद मिटतील.

प्रयोगशाळेतील एक नेहमीची चूक याच मुद्द्याशी जोडलेली आहे. कपॅसिटरला दिसणारा रोध मल्टिमीटरने थेट मोजून पाहावा, असे विद्यार्थ्यांना सांगितले की ते कपॅसिटर काढतात, बॅटरी होल्डरमधून उचलतात आणि स्विच दाबलेला ठेवून मोजतात. मीटर २१.४ ऐवजी ४१.२ दाखवतो. बॅटरी उचलल्याने तिची जागा मोकळी झाली, तर नियमाप्रमाणे तेथे तार हवी होती. होल्डरच्या दोन टोकांमध्ये तारेचा एक तुकडा लावला की मीटर २१.४ च्या आसपास येतो. 'बॅटरी काढणे' आणि 'बॅटरी शून्य करणे' यांतील फरक विद्यार्थ्याला या तुकड्याने जितका पटतो तितका व्याख्यानाने पटत नाही. अर्थात तार लावण्यापूर्वी बॅटरी खरोखर बाहेर काढलेली असली पाहिजे. बॅटरी जागेवर असताना रोध मोजू नये, तो चुकीचा येतो आणि मीटरही बिघडू शकतो.

घड्याळ आणि मीटर घेऊन

१० सेकंद हा कालस्थिरांक मुद्दाम निवडला आहे. तो साध्या घड्याळाने मोजता येतो आणि त्यासाठी ऑसिलोस्कोप लागत नाही. कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असल्याने त्याची धन-ऋण टोके पाहून जोडावीत आणि प्रत्येक फेरीपूर्वी तो १०० ओहमच्या रेझिस्टरमधून पूर्ण रिकामा करावा. स्विच दाबताच घड्याळ सुरू करावे आणि कपॅसिटरवरील व्होल्टेज शेवटच्या मूल्याच्या ६३.२ टक्के, म्हणजे ४.५५ व्होल्ट होताच थांबवावे. येथे काही विद्यार्थी ७.२ ऐवजी १२ व्होल्टचे ६३.२ टक्के काढतात. ते ७.५८ व्होल्ट होतात, आणि कपॅसिटर ७.२ च्या वर कधीच जात नसल्याने ते घड्याळ हातात धरून बसून राहतात. त्यांना तसे थोडा वेळ बसू द्यायला हरकत नाही.

घड्याळात बरोबर १० सेकंद दिसतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेल्या मूल्यात सामान्यतः २० टक्के कमीअधिक चालते. त्यामुळे ८ ते १२ सेकंदांमधील कोणतेही उत्तर सिद्धांताशी सुसंगत आहे. मग एवढ्या मोकळ्या मापाने १३.४ सेकंदांचे चुकीचे उत्तर खोडून कसे काढायचे ? त्यासाठी एक युक्ती आहे. त्याच कपॅसिटरचा भरण्याचा आणि स्विच उघडून रिकामा होण्याचा, असे दोन्ही वेळ मोजावेत. रिकामे होताना व्होल्टेज ७.२ च्या ३६.८ टक्के, म्हणजे २.६५ व्होल्ट होईपर्यंत वेळ घ्यावा. मग दुसऱ्या वेळेला पहिल्याने भागावे. कपॅसिटरचे मूल्य दोन्हीकडे तेच असल्याने ते भागाकारात निघून जाते आणि उरते केवळ रोधांचे गुणोत्तर, ४१.२ ÷ २१.४ = १.९३. बॅटरीच्या बाजूने पाहणाऱ्याच्या मते हेच गुणोत्तर ४१.२ ÷ २८.६, म्हणजे १.४४ यायला हवे. पाच टक्क्यांचे रेझिस्टर वापरले तरी या दोन आकड्यांमध्ये गल्लत होण्यास वाव नाही.

मीटरची निवडही विचारात घ्यावी लागते, कारण कपॅसिटरवर ठेवलेला व्होल्टमीटर हासुद्धा त्याला दिसणारा एक रेझिस्टर असतो. सामान्य डिजिटल मल्टिमीटरचा रोध १० मेगोहम असतो. २१.४ किलोओहमच्या समांतर तो असला काय आणि नसला काय. परंतु प्रयोगशाळेत अजूनही काट्याचे मीटर असतात. प्रति व्होल्ट २० किलोओहमचा असा मीटर १० व्होल्टच्या पल्ल्यावर ठेवला, तर त्याचा रोध २०० किलोओहम होतो. मग कपॅसिटरला २१.४ आणि २०० यांचा समांतर रोध, १९.३ किलोओहम दिसतो. कालस्थिरांक ९.१ सेकंदांवर येतो आणि शेवटचे व्होल्टेज ७.२ ऐवजी ६.५ होते.

वेळेतील हा फरक कपॅसिटरच्या २० टक्क्यांत हरवून जाईल. शेवटच्या व्होल्टेजमधील फरक मात्र लपत नाही. म्हणून अध्यापकाने प्रथम शेवटचे व्होल्टेज पाहावे. काट्याच्या मीटरवर ते ६.५ च्या आसपास दिसले तर दोष मीटरचा. डिजिटल मीटर लावूनही ते ७.२ च्या बरेच खाली राहिले, तर कपॅसिटर गळका आहे असे समजावे. बरीच वर्षे कपाटात पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये असे आढळते. ही गळतीसुद्धा कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये जोडलेल्या एका अदृश्य रेझिस्टरसारखी वागते आणि मीटरप्रमाणेच दिसणारा रोध कमी करते.

पद्धतीच्या मर्यादा

वरील रीत दोन ठिकाणी जपून वापरावी लागते. परिपथात ट्रान्झिस्टर असेल, तर त्यातील विद्युतधारेचा स्रोत स्वतंत्र नसतो. परिपथातील दुसऱ्या एखाद्या धारेवर किंवा व्होल्टेजवर तो अवलंबून असतो. कपॅसिटरच्या टोकांवर बदल झाला की तोही बदलतो, म्हणून वर दिलेले कारण त्याला लागू पडत नाही आणि त्याला शून्य करता येत नाही. अशा वेळी स्वतंत्र स्रोत शून्य करून कपॅसिटरच्या जागी १ व्होल्ट लावल्याची कल्पना करावी आणि किती धारा आत जाते ते काढावे. १ व्होल्टला त्या धारेने भागले की दिसणारा रोध मिळतो.

दुसरी मर्यादा परिपथात एकापेक्षा अधिक कपॅसिटर असण्याची. तेव्हा एकच कालस्थिरांक उरत नाही. दोन कपॅसिटरच्या परिपथाला सामान्यतः दोन कालस्थिरांक असतात, आणि एका कपॅसिटरला दिसणारा रोध दुसऱ्याला काय समजायचे यावर ठरतो. दोन कालस्थिरांक एकमेकांच्या जवळ असतील तर वर्गसमीकरण सोडवण्यावाचून मार्ग नाही. ते एकमेकांपासून फार दूर असतील, तर मात्र मघाचीच रीत थोड्या फेरफाराने उपयोगी पडते. भोपाळसारख्या ठिकाणी ट्रान्सफॉर्मरच्या चाचणीला वापरला जाणारा इम्पल्स जनरेटर हे याचे उत्तम उदाहरण आहे.

इम्पल्स जनरेटरमधील दोन कपॅसिटर

प्रत्यक्ष जनरेटरमध्ये अनेक कपॅसिटर असतात. ते समांतर भरून घेतात आणि गोलांमधील ठिणग्यांच्या साहाय्याने क्षणात एकसरीत जोडतात. जर्मन अभियंता एर्विन मार्क्स याची ही १९२० च्या दशकातील कल्पना. ठिणगी उडाल्यानंतरचा हिशेब करताना सगळ्या टप्प्यांचा मिळून एक कपॅसिटर C1 मानता येतो. समजण्यासाठी तो ३० नॅनोफॅरडचा घेऊ. ठिणगीच्या फटीनंतर एकसरीत R1 हा २१० ओहमचा रेझिस्टर येतो. त्याच्या पुढे जमिनीपर्यंत R2, २००० ओहम, आणि त्याच्या समांतर चाचणीला ठेवलेली वस्तू. तिला येथे २ नॅनोफॅरडचा कपॅसिटर C2 मानू.

फटीत ठिणगी उडण्यापूर्वी C1 ची वाट तुटलेली असते, आपल्या मघाच्या उघड्या स्विचप्रमाणेच. ठिणगी पडताच पहिल्या मायक्रोसेकंदात C2 भरू लागतो. या अल्प काळात C1 चे व्होल्टेज फारसे उतरत नाही, कारण तो C2 च्या पंधरापट मोठा आहे. ज्याचे व्होल्टेज बदलत नाही तो बॅटरीसारखा, आणि बॅटरी म्हणजे बदलांच्या दृष्टीने तार. म्हणून C2 ला R1 आणि R2 समांतर दिसतात, १९० ओहम. कालस्थिरांक ०.३८ मायक्रोसेकंद होतो. चढाचा काळ प्रमाणित व्याख्येनुसार ३० टक्के ते ९० टक्के या भागावरून काढतात आणि तो या आकाराच्या तडाख्यासाठी कालस्थिरांकाच्या जवळजवळ तिप्पट येतो, म्हणजे १.१ मायक्रोसेकंदांच्या आसपास.

चढ संपला की चित्र पालटते. आता C1 सावकाश रिकामा होत असतो आणि छोटा C2 त्याच्या मागोमाग जातो. संथ बदलांसाठी लहान कपॅसिटर जवळजवळ मोकळ्या जागेसारखा. C1 ला R1 आणि R2 एकसरीत दिसतात, २२१० ओहम, आणि त्याचा कालस्थिरांक ६६.३ मायक्रोसेकंद होतो. C2 ला अगदीच वगळले तर थोडी चूक राहते. ती भरून काढण्यासाठी C1 ची जागा मोकळी समजून C2 ला दिसणारा रोध, म्हणजे केवळ R2, घ्यावा आणि त्याचे ४ मायक्रोसेकंद वरील आकड्यात मिळवावेत. बेरीज ७०.३ होते. निम्म्यावर उतरायला कालस्थिरांकाच्या ०.६९३ पट वेळ लागतो, तो ४९ मायक्रोसेकंदांच्या आसपास येतो.

त्याच दोन रेझिस्टरची जोडणी एका कपॅसिटरला समांतर दिसली आणि दुसऱ्याला एकसरीत. तारा कोणी हलवल्या नाहीत.

चाचणीच्या प्रमाणकानुसार चढाच्या काळात ३० टक्के आणि उताराच्या काळात २० टक्के सवलत असते, त्यामुळे असा अंदाजी हिशेब सुरुवातीला पुरतो. त्यानंतर अंतिम जुळणी ऑसिलोस्कोपवर लाट पाहून होते. समजा, ट्रान्सफॉर्मर बदलला आणि नव्याचे C2 दुप्पट, ४ नॅनोफॅरड निघाले. चढाचा काळ जवळजवळ दुप्पट होऊन सवलतीच्या बाहेर जाईल. उताराचा काळ मात्र ४९ वरून ५१-५२ मायक्रोसेकंदांवर जाईल, एवढेच. कारण चढाच्या हिशेबात C2 हा मुख्य आहे आणि उताराच्या हिशेबात मिळवलेली किरकोळ भर. म्हणून अभियंता R1 जवळजवळ निम्मा करतो, R2 ला हात लावत नाही आणि कमी व्होल्टेजवर पुन्हा एक लाट घेऊन पाहतो. ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी केवळ कपॅसिटर नसते, तिचे प्रवर्तकत्वही असते. त्यामुळे, विशेषतः कमी व्होल्टेजच्या गुंडाळीवर, उतार हिशेबापेक्षा लवकर संपतो, आणि तेथे हा दोन कपॅसिटरचा हिशेब सोडून प्रवर्तकत्वाचा विचार करावा लागतो.